कोल्हापुरी मटण बिर्याणीसोबत वाइन : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोल्हापुरात घरी बिर्याणी शिजते तेव्हा ती ताटात एकटी येत नाही. शेजारी तांबडा रस्सा असतो, बहुतेक वेळा पांढराही असतो, आणि मटणाला लावलेल्या मसाल्यात घरची कांदा-लसणाची चटणी असते. खालील उत्तरे मुख्यतः या ताटाचा विचार करून लिहिली आहेत. लखनवी बिर्याणी, यखनी पुलाव अशा सौम्य पदार्थांचे गणित वेगळे असल्याने त्यांच्यासाठी स्वतंत्र प्रश्न घेतला आहे.

मटण म्हटले की रेड वाइन, असे सगळेच सांगतात. मग कोल्हापुरी बिर्याणीबरोबर ती का जमत नाही?

हा सल्ला ज्या स्वयंपाकघरांतून आला, तिथे मांसाला मीठ, मिरी आणि फार तर एखाद्या सुगंधी पानापलीकडे काही लागत नाही. रेड वाइनमध्ये द्राक्षाच्या सालीतून आणि बियांतून उतरलेले टॅनिन असते. टॅनिन म्हणजे तुरटपणा. कच्चट जांभूळ खाल्ल्यावर जीभ जशी आक्रसते, तसाच परिणाम तेही करते, कारण ते लाळेतील प्रथिनांना धरून ठेवते आणि लाळेचा ओलसर, बुळबुळीत थर काही क्षणांपुरता नाहीसा होतो. साध्या मांसाबरोबर हे उपयोगी पडते. चरबीने माखलेले तोंड त्याने स्वच्छ होते आणि मांसातील मीठ व चरबी यांच्यामुळे तुरटपणाही मवाळ वाटू लागतो.

मिरची आली की हा व्यवहार उलटतो. जीभ आधीच पेटलेली असते, आणि तिच्यावरचा लाळेचा थर टॅनिन काढून घेते. मग वाइन खरखरीत आणि कडवट लागते, तिच्यातील फळाचा स्वाद मागे पडतो, आणि बिर्याणीही होती त्याहून तिखट वाटू लागते. महागडी, लाकडी पिंपात मुरवलेली रेड वाइन उघडून पाहुण्यांची झालेली निराशा मी स्वतःच्या घरी पाहिली आहे. त्या दिवशी बाटलीत काही दोष नव्हता, दोष निवडणाऱ्याचा होता, आणि निवडणारा मीच होतो.

तिखट लागले की एक घोट घेतला तर आग शमेल, असे वाटते. प्रत्यक्षात ती वाढते, हे कसे?

तिखटपणा ही चव नव्हे, ती उष्णतेची संवेदना आहे. मिरचीतील तिखट द्रव्य, कॅप्सेसिन, जिभेच्या मज्जातंतूंवरील ज्या ग्राहकाला, म्हणजे संवेदना टिपणाऱ्या रेणूला, चिकटते, तोच ग्राहक एरवी चटका बसल्याची खबर मेंदूला देतो. साधारण ४२ अंश सेल्सियसच्या वर तो जागा होतो. मद्यार्काच्या सान्निध्यात मात्र हा उंबरठा खाली येऊन ३४ अंशांच्या आसपास पोहोचतो, म्हणजे तोंडाची स्वतःची ऊबसुद्धा त्याला चटका वाटू लागते. त्याच ग्राहकावर कॅप्सेसिन बसलेले असेल तर दोन्ही परिणामांची बेरीज होते.

यावर एक शंका हमखास निघते. कॅप्सेसिन पाण्यात विरघळत नाही, मद्यार्कात विरघळते, मग वाइनने ते धुऊन का निघू नये? उत्तर असे की वाइनमध्ये मद्यार्क १२ ते १४ टक्केच असतो आणि उरलेला बहुतांश भाग पाण्याचा असतो. एवढ्याशा मद्यार्काने कॅप्सेसिन निघत नाही, पण ग्राहकाला डिवचायला तो पुरतो.

तर मग बाटली निवडताना सर्वांत आधी काय पाहावे?

लेबलवरचा मद्यार्काचा आकडा पाहावा. तो प्रत्येक बाटलीवर छापलेला असतो आणि त्यासाठी वाइनचे कोणतेही ज्ञान लागत नाही. चटणी घातलेल्या बिर्याणीबरोबर १२.५ टक्क्यांपर्यंतची वाइन बरी, ११ ची मिळाली तर अधिक चांगली, आणि १४ ची शक्यतो नको. हा एक किंवा दोन टक्क्यांचा फरक कागदावर किरकोळ दिसतो, जिभेवर तो तसा राहत नाही.

दुसरी गोष्ट, किंचित गोडवा. साखर तिखटाची धार बोथट करते, हे आपल्याला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. तिखट लागलेल्या पोराच्या हातावर गुळाचा खडा ठेवण्यामागे तेच आहे. तिसरी गोष्ट म्हणजे आंबटपणा. बिर्याणीत तूप असते, मटणाची चरबी असते, तळलेल्या कांद्याचे तेल असते. हे सगळे जिभेवरून उतरवायला टॅनिनऐवजी आंबटपणा कामाला लावायचा, म्हणजे तोंड स्वच्छ होते आणि खरवडले जात नाही. नुसता गोडवा असेल आणि आंबटपणा नसेल तर वाइन काकवीसारखी जड होते, ही दुसऱ्या टोकाची चूक.

नेमके नाव सांगा. कोणती वाइन घ्यावी?

कोल्हापुरात सहज मिळणाऱ्यांपैकी एकच सांगायची तर किंचित गोडसर शेनिन ब्लां ही पांढरी वाइन. शेनिन हे मूळ फ्रान्सच्या लुआर खोऱ्यातील द्राक्ष असून नाशिक भागात त्याची लागवड मोठ्या प्रमाणावर झाली आहे. सुलाने २००० साली बाजारात आणलेल्या पहिल्या वाइनमध्ये शेनिन ब्लां होती, आणि त्यांची शेनिन आजही किंचित गोडसर अंगाचीच असते. या द्राक्षात आंबटपणा मुळातच चांगला असतो, त्यामुळे मागे ठेवलेली साखर चिकट लागत नाही. वासात पेरू, पिकलेले सफरचंद, कधी मधाची झाक येते. बिर्याणीतील वेलदोडा आणि शहाजिरे यांच्याशी हे वास भांडत नाहीत.

दुसरा पर्याय रीसलिंगचा. जर्मनीतील काबिनेट नावाच्या वर्गातली रीसलिंग या ताटासाठी जवळजवळ आदर्श आहे, कारण तिच्यात मद्यार्क पुष्कळदा ८ ते १० टक्क्यांच्या आतबाहेर असतो, गोडवा बेताचा असतो आणि आंबटपणा लिंबासारखा तरतरीत असतो. मात्र ती बाटली आयात केलेली, त्यामुळे महाग, आणि आपल्याकडे मागवावी लागते. लेबलवर ‘ट्रॉकन’ असा शब्द असेल तर ती कोरडी, म्हणजे साखर जवळपास न उरलेली, हे लक्षात ठेवावे. भारतीय रीसलिंग मिळाली तर जरूर घ्यावी.

तिसरा पर्याय रोझे. काळ्या द्राक्षांची साले रसात थोडाच वेळ ठेवून ती काढलेली असते, म्हणून रंग गुलाबी येतो आणि टॅनिन नावापुरते उतरते. मटणाबरोबर पांढरी वाइन घेणे ज्यांना पटतच नाही, त्यांच्यासाठी हा सन्मानाचा तह आहे. झिनफँडेलची किंचित गोडसर रोझे त्यातल्या त्यात उत्तम.

गोडसर म्हणजे गोव्यातल्या पोर्टसारखी का?

नाही. ज्या गोड लाल वाइनला आपल्याकडे सरसकट पोर्ट म्हणतात, ती पोर्तुगालच्या मूळ पोर्टच्या धर्तीवर बनते. मूळ पोर्टमध्ये आंबवण मध्येच द्राक्षाची ब्रँडी घालून थांबवतात, त्यामुळे साखर भरपूर उरते आणि मद्यार्क १९-२० टक्क्यांवर जातो. अशा वाइनची जागा जेवणानंतर असते. बिर्याणीबरोबर ती घेणे म्हणजे बिर्याणीवर पाक ओतणे.

इथे अपेक्षित असलेला गोडवा फार कमी आहे. एका लिटरला १० ते ३० ग्रॅम साखर उरलेली असावी, म्हणजे १५० मिलिलिटरच्या प्याल्यात दीड ते साडेचार ग्रॅम, फार तर सपाट चमचाभर. आंबटपणामुळे तेवढीही जाणवत नाही. तिखट घास खाल्ल्यानंतर तर ही वाइन कित्येकांना गोड लागतच नाही, आणि जेवणाआधी ‘फारच गोड आहे’ म्हणणारे पाहुणे जेवताना दुसरा प्याला मागतात. ‘लेट हार्वेस्ट’ असे लिहिलेल्या बाटल्या मात्र खरोखरच गोड असतात, त्या बासुंदीच्या वेळी काढाव्यात.

लेबलवर साखर लिहिलेली नसेल तर ती कशी ओळखायची?

मद्यार्काच्या आकड्यावरून अंदाज बांधता येतो. द्राक्षातील साखरेचाच यीस्टमुळे मद्यार्क होतो. आपल्या हवेत द्राक्ष पूर्ण गोड होते, कारण इथे तोडणी साधारण जानेवारी ते मार्चमध्ये, कोरड्या उन्हात होते. अशा द्राक्षाची सगळी साखर आंबली तर आकडा साडेबारा-तेराच्या पुढे जातो. म्हणून पांढऱ्या वाइनवर ११ किंवा ११.५ लिहिलेले दिसले, तर काही साखर मागे ठेवली असावी असा तर्क करता येतो. हा तर्क प्रत्येक वेळी खरा ठरत नाही, कारण लवकर तोडलेल्या द्राक्षाची कोरडी वाइनही कमी मद्यार्काची असू शकते. पण तसे झाले तरी नुकसान फारसे नाही, कमी मद्यार्काचा लाभ मिळतोच. मागच्या बाजूच्या मजकुरात ‘सेमी ड्राय’, ‘ऑफ ड्राय’ किंवा ‘मीडियम स्वीट’ यांपैकी काही असेल तर प्रश्नच मिटला.

प्रत्यक्ष ताटावर हे कसे पडताळून पाहावे?

आमच्या घरी एका रविवारी केलेला प्रयोग तपशिलाने सांगतो. आठ माणसे जेवायला होती. दोन किलो मटण, दीड किलो जुना बासमती. मटणाला दही, आले-लसूण, तळलेला कांदा आणि सहा मोठे चमचे घरची चटणी लावून ते रात्रभर मुरवले होते. चटणीत रंगासाठी ब्याडगी आणि तिखटासाठी संकेश्वरी मिरची होती, त्यामुळे ती दिसायला होती त्यापेक्षा चावायला जास्त होती. तांदूळ अर्धवट शिजवून मटणावर थर लावले, हंडीचे तोंड कणकेने बंद केले आणि तव्यावर मंद आचेने तासभर दम दिला.

तीन बाटल्या उघडल्या. पहिली १४ टक्क्यांची, लाकडी पिंपात मुरवलेली शिराझ ही रेड वाइन. दुसरी १३ टक्क्यांची कोरडी सोव्हिन्यों ब्लां. तिसरी १२ टक्क्यांची किंचित गोडसर शेनिन. प्रत्येकाने आधी तिन्हींचा एकेक छोटा घोट नुसताच चाखला. नुसती चाखताना शिराझ सर्वांना आवडली, आणि शेनिनला दोघांनी सरबत ठरवले.

मग पद्धत अशी ठेवली : खालच्या थरातील मसाला लागलेला भात आणि मटणाचा एक घास घ्यायचा, तो गिळल्यावर एक घोट, आणि मनात दहापर्यंत मोजून पुन्हा तसाच घास. दहापर्यंत मोजणे महत्त्वाचे आहे, कारण गार घोटाने पहिले दोन-तीन क्षण कोणतीही वाइन बरीच वाटते, खरे काय ते नंतर कळते. शिराझनंतर सहा-सातच्या सुमारास घशाशी आग वर चढत गेली आणि दुसरा घास पहिल्याहून तिखट लागला. शिवाय पिंपाच्या लाकडाचा वास आणि चटणीतले भाजलेले खोबरे एकत्र येऊन जळकट कडवटपणा आला, जो ना नुसत्या वाइनमध्ये होता ना नुसत्या बिर्याणीत. सोव्हिन्यों ब्लांने तोंड लख्ख केले, पण मसाल्यापुढे ती पाणचट झाली आणि तिचा हिरव्या मिरचीसारखा वास ताटात उगाच आणखी एक मिरची घेऊन आला. शेनिनच्या वेळी आग गेली नाही, पण वाढली नाही आणि लवकर उतरली. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे दुसऱ्या घासात दगडफूल आणि जायपत्री ओळखू आली. पहिल्या घासात मिरचीने ती झाकून टाकली होती.

दहा मोजेपर्यंत आग चढते की उतरते, एवढीच ही कसोटी आहे. पाहुणे येण्याआधी मटण शिजत असतानाच चमचाभर मसाला भाताबरोबर खाऊन ती घेता येते.

वाइन किती थंड असावी?

या प्रश्नाला मी वाइनच्या निवडीइतकेच महत्त्व देतो. रेड वाइन ‘खोलीच्या तापमानाला’ द्यावी असे पुस्तकांत लिहिलेले असते, तेव्हा ती खोली युरोपातली, १६ ते १८ अंशांची असते. एप्रिलमध्ये आपल्याकडे खोली ३० च्या पुढे असते. त्या तापमानाला मद्यार्क नाकात शिरतो आणि जिभेवर आधी तोच चटका देतो, त्यामुळे १२ टक्क्यांची वाइनही १४ सारखी वागते.

शेनिन, रीसलिंग, रोझे या ८ ते १० अंशांना द्याव्यात. घरच्या फ्रिजमध्ये तीन तास ठेवलेली बाटली साधारण तिथे पोहोचते, आणि ती मेजावर आणल्यावर दहा-पंधरा मिनिटांत पुन्हा कोमट होऊ लागते. यावर उपाय म्हणजे एका पातेल्यात निम्मे पाणी, निम्मा बर्फ आणि मूठभर मीठ घालून बाटली गळ्यापर्यंत त्यात उभी करावी. न थंड केलेली बाटलीही यात वीसेक मिनिटांत तयार होते. नुसत्या बर्फात हे जमत नाही, कारण बर्फाच्या तुकड्यांमध्ये हवा राहते, पाणी मात्र बाटलीला सगळीकडून लागते. रेड वाइन द्यायचीच असेल तर तीही फ्रिजमध्ये चाळीस मिनिटे ठेवून मगच द्यावी.

प्याल्यात बर्फाचा खडा टाकला तर चालेल का, असे काही जण चाचरत विचारतात. वाइन पातळ होते हे खरे, पण कोमट वाइन आणि बर्फ घातलेली वाइन यांतून निवडायचे झाल्यास मी खडा टाकेन.

ताटात पांढरा रस्सा असेल तर वाइन बदलावी का?

बदलण्याची गरज नाही, पण क्रम लावता येतो. पांढऱ्या रश्शाचा पाया म्हणजे मटणाचे अळणी पाणी, आणि त्यात नारळाचे दूध, खसखस, तीळ किंवा काजूचे वाटण. तिखट असते ते मिरीचे आणि फार तर हिरव्या मिरचीचे, तेही बेताचे. नारळाच्या दुधाचा अंगचा गोडवा आणि स्निग्धपणा शेनिनला इतका मानवतो, की ही जोडी बिर्याणीपेक्षाही सरस आहे असे माझे मत आहे. म्हणून पहिला प्याला पांढऱ्या रश्शाच्या वाटीबरोबर घ्यावा आणि जीभ शाबूत असतानाच घ्यावा.

तांबड्या रश्शाचे मात्र मी स्पष्ट सांगतो : तो वाटी तोंडाला लावून पिण्याचा असतो, गरम असतो आणि वर लाल तवंग असतो. तापमान, तिखट आणि तेल ही तिन्ही एकदम आली की कोणत्याही वाइनचा निभाव लागत नाही. तांबडा रस्सा प्यायच्या वेळी प्याला बाजूला ठेवावा, नंतर भाताचे दोन घास खावेत आणि मग पुन्हा हातात घ्यावा.

पाहुण्यांना रेड वाइनच हवी असेल तर?

मग कमी टॅनिनची, तरुण आणि पिंपात न मुरवलेली घ्यावी. परदेशी वाइनमध्ये बोजोले भागातील गामे या द्राक्षाची वाइन या कामाची आहे. भारतीय बाटल्यांत बहुधा शिराझ किंवा कॅबर्ने समोर येते. त्यांतली शिराझ घ्यावी, तिच्यावर ‘रिझर्व्ह’ हा शब्द नसावा, कारण तो बहुतेक वेळा लाकडी पिंपाची खूण असतो, आणि एकाच वाइनरीच्या दोन शिराझ असतील तर स्वस्त असलेली उचलावी. इथे स्वस्त बाटली खरोखरच जास्त योग्य ठरते. बिर्याणीतही थोडी तडजोड करता येते. चटणी एक-दोन चमचे कमी घालून ती तांबड्या रश्शात वाढवावी, म्हणजे तिखट खाणाऱ्यांची तक्रार राहत नाही.

कोशिंबीर, लिंबू, सोलकढी यांचा वाइनवर काही परिणाम होतो का?

होतो, आणि तो पुष्कळदा लक्षात येत नाही. दह्यातील केसिन हे प्रथिन कॅप्सेसिनला धरून जिभेवरून उचलते, त्यामुळे कांदा-काकडीच्या दह्यातल्या कोशिंबिरीचा एक घास वाइनला वाट मोकळी करून देतो. कोशिंबीर आंबट नसावी मात्र, दही ताजे लावलेले असावे.

लिंबाचे उलटे आहे. अन्न वाइनपेक्षा जास्त आंबट झाले की वाइनचा आंबटपणा नाहीसा वाटतो आणि ती बेचव, पाणचट लागते. बिर्याणीवर अर्धे लिंबू पिळण्याची सवय असेल तर गोडसर शेनिनमधला फक्त गोडवा उरतो आणि तिला विनाकारण नावे ठेवली जातात. फोडी ताटात ठेवल्या तरी वाइन असेल त्या दिवशी लिंबू पिळू नये. सोलकढीही याच कारणाने जेवण संपल्यावर, वाइन आटोपल्यावर घ्यावी.

स्पार्कलिंग वाइन चालते का?

सौम्य बिर्याणीबरोबर छान चालते. तिखटाबरोबर बुडबुड्यांची स्वतःची चुणचुण मिरचीच्या चुणचुणीत मिसळते, आणि ते काहींना आवडते, पुष्कळांना आवडत नाही. घ्यायचीच तर लेबल नीट वाचावे, कारण शब्द फसवे आहेत. युरोपीय वर्गवारीत ‘ब्रूट’मध्ये लिटरला १२ ग्रॅमपेक्षा कमी साखर असते, ‘एक्स्ट्रा ड्राय’मध्ये १२ ते १७, म्हणजे नाव कोरडे असूनही ती ब्रूटहून गोड, आणि ‘डेमी सेक’मध्ये ३२ ते ५०. आपल्या ताटाला एक्स्ट्रा ड्राय किंवा डेमी सेक सोयीची.

लखनवी बिर्याणी, यखनी पुलाव किंवा घनसाळ तांदळाचा मटण पुलाव असेल तर?

इथे वर सांगितलेले निर्बंध सैल होतात आणि रेड वाइनला आपली जागा परत मिळते. यखनीत मटणाचा रस आधी खड्या मसाल्यांसह मंद आचेवर काढतात आणि त्याच रसात तांदूळ शिजतो. मिरची नावाला असते, स्वाद मांसाचा, तुपाचा आणि वेलदोड्याचा असतो. अशा भातातील चरबी आणि मीठ टॅनिनला मवाळ करतात. सोलापूर जिल्ह्यातील अकलूजला फ्रतेल्ली ही वाइनरी संजोव्हेसे या इटालियन द्राक्षाची वाइन काढते. मध्यम अंगाची आणि आंबटपणा राखून असलेली ही वाइन यखनी पुलावाला शोभते. भौगोलिक मानांकन मिळालेल्या आजऱ्याच्या घनसाळला स्वतःचा सुवास आहे. त्याच्या पुलावाबरोबर पिंपात फार मुरलेली वाइन घेतली तर तो सुवास बुडतो, एवढे जपावे.

लखनवी बिर्याणीत केवडा किंवा गुलाबपाणी असते. तिच्यासाठी गेवुर्ट्सट्रामिनर या द्राक्षाचे नाव सांगितले जाते, आणि ते योग्य आहे, कारण त्या वाइनलाच गुलाबाचा आणि लिचीचा वास असतो. गंमत अशी की ‘मसालेदार भारतीय जेवणासाठी’ म्हणून हीच वाइन सरसकट सुचवली जाते, आणि तिथे ती फसते. तिचा आंबटपणा कमी आणि मद्यार्क पुष्कळदा १३.५ च्या वर असतो. केवड्याच्या बिर्याणीला ती जरूर द्यावी, चटणीच्या बिर्याणीला देऊ नये.

दुकानात बाटली चांगल्या अवस्थेत आहे हे कसे ओळखावे?

आपल्याकडे ‘वाइन शॉप’ अशी पाटी असते आणि आत फळ्यांवर व्हिस्की, रम आणि बिअर असते. वाइन वरच्या फळीवर, ट्यूबलाइटखाली, उभी. उन्हाळ्यात अशा जागी काढलेले दोन महिने पांढरी वाइन बिघडवायला पुरेसे होतात. म्हणून शेनिन आणि रोझे यांच्या लेबलवरील साल पाहावे आणि दोन वर्षांपेक्षा जुनी बाटली घेऊ नये. फिरकीचे झाकण असलेली मिळाल्यास तीच घ्यावी. बुचाची असेल तर बूच वर सरकून आवरण फुगलेले नाही ना, गळ्याशी चिकट ओघळ नाही ना, हे बोट फिरवून पाहावे, कारण उष्णतेने वाइन प्रसरण पावली की बूच असेच सरकते. काच पारदर्शक असेल तर रंगही कळतो : फिकट पिवळा असावा, चहाकडे झुकलेला तांबूस नसावा. घरी आणल्यावर वासात ताज्या फळाऐवजी शिजवलेल्या मुरंब्याचा किंवा जुन्या सफरचंदाचा वास आला तर ती बाटली गेली. ती प्यायल्याने अपाय होत नाही, पण तिच्यावर बिर्याणीची जोडी पारखू नये.

आठ माणसांना किती बाटल्या लागतात, आणि उरलेल्या वाइनचे काय करावे?

७५० मिलिलिटरच्या बाटलीत १५० चे पाच प्याले होतात. कोल्हापुरी ताटाबरोबर माणूस पाणीही भरपूर पितो, त्यामुळे पिणाऱ्या माणसी दोन प्याले धरावेत, आणि आठांपैकी सगळेच पिणारे असतील तर तीन बाटल्या लागतील व चौथी हाताशी असावी. उरलेली बाटली झाकण लावून फ्रिजमध्ये उभी ठेवली की शेनिन तीन-चार दिवस टिकते. दुसऱ्या दिवशी ती उरलेल्या बिर्याणीबरोबरच घ्यावी. फक्त भात वाफेवर गरम करून थोडा निवू द्यावा आणि त्याच्या शेजारी तांबड्या रश्शाऐवजी उरलेला पांढरा रस्सा वाढावा.